पोळ्याच्या आदल्या दिवशी उडवलेला मेल: एक प्रकरण

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात माझं ऑनलाइन कामांचं छोटं केंद्र आहे. सातबारा, पीक विम्याचे फॉर्म, पोरांचे स्कॉलरशिपचे अर्ज, झेरॉक्स, अशी सगळी कामं तिथे चालतात. मेल हा प्रकार गावात ओटीपीपुरता किंवा फॉर्ममधला रकाना भरण्यापुरताच वापरला जातो. त्यामुळे मेल डिलीट झाला म्हणून कोणी धावत येणं तसं क्वचितच. 17 सप्टेंबर 2025 ला, बुधवारी, पितृपक्षात आमच्या गल्लीतले काकाजी आले ते मात्र त्यासाठीच. सोबत नववीतला नातू होता आणि त्याचा चेहरा पडलेला होता. काम कोणी बिघडवलं हे मला विचारावं लागलं नाही.

काकाजींनी जुलैमध्ये अकोल्याच्या एका विक्रेत्याकडून मिनी डाळ मिल घेतली होती. तुरीचा हंगाम यायच्या आत बसवून टाकायची असा बेत होता. मशीनचं बिल विक्रेत्याने मेलवर पीडीएफ करून पाठवलं, नंतर टेस्ट रिपोर्ट आणि वॉरंटीचा कागद वेगळ्या मेलने आला. आता बँकेच्या साहेबांनी सांगितलं होतं की दोन्ही मेल काकाजींच्याच मेल आयडीवरून बँकेच्या आयडीवर फॉरवर्ड करा, आणि शुक्रवारपर्यंत करा. म्हणजे 19 तारखेपर्यंत. काकाजींनी फोन उघडला तर दोन्ही मेल गायब.

"बापू, गंजच शोधलं," काकाजी म्हणाले. "नाव टाकून पायलं, डाळ मिल टाकून पायलं. काहीच नाई दिसत. या पोट्ट्यानं फोन साफ केला ना."

"आबाजी, मी काय बुद्ध्या केलं का?" नातू म्हणाला. "फोनवर रोज लाल अक्षरात येऊ रायलं होतं, जागा भरली म्हणून. तुम्हीच म्हटलं होतं, पाय बरं काय म्हणते ते."

दोघांचंही खरं होतं. जीमेलच्या खात्यात फुकट मिळणारी जागा 15 जीबी असते, आणि ती एकट्या मेलची नसते. त्याच 15 जीबीत गूगल ड्राइव्ह येतं, गूगल फोटोजमध्ये चढलेले फोटो येतात आणि अँड्रॉइड फोनवरचा व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही येतो. काकाजींना दिवसाला वीस-पंचवीस सुप्रभाताचे व्हिडिओ येतात. ते सगळे बॅकअपमध्ये जाऊन बसले होते. नातवाला लाल पट्टी मेलच्या अ‍ॅपमध्ये दिसली, म्हणून त्याने मेल उडवले. साधं गणित होतं, पण खोली ज्या सामानाने भरली होती ते सामान मेलचं नव्हतंच.

मी पहिल्यांदा फोन काकाजींच्या हातून काढून टेबलावर ठेवला आणि नातवाला एकच गोष्ट विचारली. मेल उडवल्यावर तू बिनमध्ये जाऊन तिथलंही साफ केलंस का?

"बिन म्हणजे?"

हे ऐकून मला बरं वाटलं. त्याला बिन माहीतच नव्हतं.

डिलीट म्हणजे काय होतं

जीमेलमध्ये मेल डिलीट केला की तो जात नाही. तो इनबॉक्समधून निघून एका वेगळ्या जागी पडतो. फोनची भाषा भारतातली इंग्रजी असेल तर तिथे `Bin` लिहिलेलं असतं, अमेरिकेतली असेल तर `Trash`. वस्तू एकच. तिथे पडलेला मेल 30 दिवस तसाच राहतो आणि मग आपोआप कायमचा पुसला जातो. त्या फोल्डरच्या माथ्यावर तशी सूचनाही असते आणि तिच्याच शेजारी `Empty bin now` ही कळ. नातवाला जागा हवी होती, त्यामुळे ती कळ दिसली असती तर त्याने ती नक्की दाबली असती.

गंमत अशी की त्याने शेकडो मेल उडवले तरी लाल पट्टी गेली नव्हती. बिनमधले मेलही 15 जीबीतच मोजले जातात, म्हणून डिलीट करून जागा रिकामी होत नाही. नातू यावर चिडला होता, "डिलीट करूनही काही फरक नाही पडत, हा फोनच बेकार हाय" म्हणाला होता. जागा रिकामी झाली नाही म्हणजे मेल अजून होते. ज्या गोष्टीवर तो चिडला तिच्यातच त्याच्या आबाजींचं बिल अडकून वाचलं होतं.

आता प्रश्न दिवसांचा. लोक इथे हमखास चुकतात, आणि खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी मीही चुकायचो. हे 30 दिवस मेल आला त्या दिवसापासून मोजायचे नसतात. तो डिलीट केला त्या दिवसापासून मोजायचे असतात. काकाजींच्या बिलाचा मेल 25 जुलैला आला होता. 17 सप्टेंबरला तो 54 दिवसांचा झाला होता. वरवर पाहणारा म्हणाला असता की महिना उलटून गेला, सोडा नाद. पण तो उडवला कधी, यावर सगळं अवलंबून होतं.

आणि ही तारीख जीमेल कुठेच दाखवत नाही. बिन उघडलं की मेल ज्या तारखेला आला त्याच तारखेने रांगेत लागलेला दिसतो. काल उडवलेला दोन वर्षांपूर्वीचा मेल यादीच्या वरच्या टोकाला मिळणार नाही, तो दोन वर्षं खाली जाऊन बसलेला असतो. म्हणून डिलीटची तारीख माणसालाच विचारावी लागते. आमच्याकडे माणसं तारीख लक्षात ठेवत नाहीत, सण लक्षात ठेवतात.

"फोन साफ केला तो कधी?" मी नातवाला विचारलं.

"पोळ्याच्या आदल्या दिवशी. आबाजी बैलाचे खांदे शेकायला गेले होते तवा फोन माह्याजवळ होता."

2025 चा पोळा 22 ऑगस्टला होता, शुक्रवारी. म्हणजे साफसफाई झाली 21 ऑगस्टला संध्याकाळी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं: 31 ऑगस्टपर्यंत 10 दिवस, आणखी 20 म्हणजे 20 सप्टेंबर. आज 17. हातात तीन दिवस होते, आणि शेवटच्या दिवसाच्या तासांवर भरवसा ठेवायचा नसतो हे धरलं तर दोनच.

"आणि तो दुसरा मेल, टेस्ट रिपोर्टचा?"

नातू म्हणाला, तो मला आठवतच नाही. काकाजी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तो म्याच उडवला असन. राखीच्या दिवशी बहिणीकडे गेलो होतो. तिथी बसल्या बसल्या फोन पायला, त्या दुकानाचे दोन-तीन मेल दिसले, सगळे इंग्रजी. मले वाटलं जाहिरात हाय. उडवून टाकले."

राखी 9 ऑगस्टला होती. 9 ऑगस्टपासून 30 दिवस म्हणजे 8 सप्टेंबर. आजच्या आधी नऊ दिवस ती मुदत संपली होती.

काकाजींना हे उलटं वाटलं. बिलाचा मेल जुना, 25 जुलैचा. रिपोर्टचा मेल नवा, 6 ऑगस्टचा. मग जुना असणार आणि नवा गेलेला, असं कसं? मी त्यांना कॅलेंडरवर दोन बोटं ठेवून दाखवलं. जुना मेल पोळ्यापर्यंत इनबॉक्समध्ये सुखाने बसून होता, त्याचं घड्याळ पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी सुरू झालं. नवा मेल आल्यावर तीनच दिवसांनी बिनमध्ये गेला, त्याचं घड्याळ राखीपासूनच चालू होतं.

शोधूनही का सापडत नव्हता

काकाजींनी नाव टाकून शोधलं होतं आणि काहीच आलं नव्हतं. यात त्यांची चूक नव्हती. जीमेलचा शोध नेहमीच्या पद्धतीने बिन आणि स्पॅम या दोन जागा वगळूनच चालतो. बिनमध्ये मेल समोर पडलेला असला तरी साधा शोध त्याला पाहतच नाही. शोधात काही आलं नाही म्हणून मेल गेला असं समजणारे दर दहात आठ लोक मी पाहिले आहेत.

दुसरी अडचण फोनची. अँड्रॉइडवरचं जीमेल अ‍ॅप सगळे मेल फोनमध्ये उतरवून ठेवत नाही, सेटिंग बदललं नसेल तर सुमारे 30 दिवसांचेच ठेवतं. नेट चांगलं असेल तर शोध गूगलकडे जातो आणि जुनंही सापडतं. पण आमच्याकडे दुपारी लाइन गेली की टॉवरही मान टाकतो. तेव्हा फोन फक्त स्वतःजवळचं चाळतो आणि काही नाही म्हणतो. म्हणून मी हे काम केंद्रातल्या लॅपटॉपवर, ब्रॉडबँडवर करतो. काकाजींचं खाते खासगी विंडोमध्ये उघडलं, त्यांच्या फोनवर आलेल्या सूचनेला त्यांनी स्वतः `Yes` दाबलं. पासवर्ड मी पाठ करून ठेवावा असा त्यांनी आग्रह धरला, तो मी नाकारला. हा विषय वेगळा आहे, त्यावर नंतर कधी.

पहिल्यांदा डाव्या बाजूच्या यादीत `More` खाली जाऊन `All mail` पाहिलं. कारण असं की अ‍ॅपमध्ये मेलवर बोट आडवं सरकवलं की तो पुष्कळदा डिलीट होत नाही, `Archive` होतो. मुळात बोट सरकवण्याला तेच काम दिलेलं असतं. `Archive` झालेला मेल इनबॉक्समध्ये दिसत नाही, पण तो कचऱ्यात नसतो आणि त्याला कोणतीही मुदत नसते. डिलीट झाला म्हणून आलेले कितीतरी मेल मला तिथेच मिळाले आहेत. काकाजींचे नव्हते. नातवाने मेल दाबून धरून, एकेक निवडून, डब्याच्या चिन्हावर बोट ठेवलं होतं, म्हणजे रीतसर डिलीट.

मग बिन उघडलं. अकराशेहून जास्त मेल होते. ते हाताने चाळत बसायचं नाही, कारण यादीच्या माथ्यावर `Empty bin now` बसलेलं असतं आणि चुकीच्या जागी एक टिचकी पुरते. शोधाच्या चौकटीत सरळ लिहिलं:

```
in:trash has:attachment filename:pdf after:2025/07/20 before:2025/08/01
```

याचा अर्थ एवढाच की कचऱ्यात शोध, सोबत जोडपत्र असलेले, जोडपत्र पीडीएफ असलेले, 20 जुलैनंतरचे आणि 1 ऑगस्टच्या आधीचे. फोनची भाषा काहीही असो, पडद्यावर `Bin` दिसत असलं तरी `in:trash` चालतं. अकराशेचे सात झाले. पाचवा मेल विक्रेत्याचा होता, विषयात `Tax Invoice`. काकाजींनी खुर्ची पुढे ओढली.

"हाच! हाच तो बा!"

मी लगेच परत आणला नाही. आधी मेल उघडून पीडीएफ लॅपटॉपवर उतरवली आणि उघडून पाहिली: बिल नंबर, जीएसटी, मशीनचा अनुक्रमांक, सगळं जागेवर होतं. ती पेन ड्राइव्हवर घेतली. हा माझा नेम आहे. मेल बिनमधून बाहेर काढताना काही बिघडत नाही, पण ज्या कागदासाठी माणूस धावपळ करतोय तो आधी मुठीत यावा.

नंतर मेलच्या वरच्या पट्टीतलं `Move to` दाबून `Inbox` निवडलं. फोनवर हेच काम उजव्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांत असतं. मेल बिनमधून निघाला की 30 दिवसांचं घड्याळ थांबतं. पुन्हा कधी डिलीट केला तर नव्याने 30 दिवस मिळतात.

एका चुकीबद्दल इथे सांगतो, कारण आमच्याच गावात एका शिक्षकांनी ती केली होती. त्यांना मेल बिनमध्ये सापडला, वाचला, महत्त्वाचा म्हणून त्याला तारा लावला आणि निवांत झाले. तारा लावल्याने किंवा मेल उघडून वाचल्याने घड्याळ थांबत नाही. मेल बिनमध्येच होता आणि मुदत संपली तशी गेला, ताऱ्यासकट. वाचवायचा असेल तर तो तिथून हलवावाच लागतो.

हलवल्यावर काकाजींनी आपल्या फोनवर इनबॉक्स उघडला आणि त्यांचा आवाज पुन्हा चढला. "कुठी आला? वर तर दिसतच नाई!" परत आलेला मेल नव्या मेलसारखा वर येत नाही. तो आपल्या जुन्या तारखेच्या जागी जाऊन बसतो. 25 जुलैपर्यंत खाली सरकवलं तेव्हा दिसला. हे माहीत नसलेला माणूस मेल पुन्हा हरवला समजून पुन्हा बिनमध्ये खटपट करू लागतो.

जो मेल गेला होता

रिपोर्टच्या मेलसाठी मी दोनदा शोधलं. आधी कचऱ्यात, मग सगळीकडे:

```
in:anywhere from:(विक्रेत्याचा मेल आयडी) after:2025/08/01
```

`in:anywhere` म्हणजे इनबॉक्स, `Archive` झालेले, स्पॅम, बिन, सगळं एकाच वेळी. इथेही काही आलं नाही तर मेल खात्यात नाही असं म्हणायला हरकत नाही, अट एवढीच की मेल आयडी बरोबर लिहिलेला हवा. विक्रेत्याचा आयडी मी बिलाच्या मेलमधून उचलून टाकला होता, तोंडी सांगितलेला नव्हे. काही आलं नाही. काकाजींच्या राखीच्या आठवणीशी ते जुळत होतं.

नातवाने मोबाइलवर शोधून विचारलं, "भाऊ, गूगलला लिहून मागवता येते म्हणे?" असा एक फॉर्म आहे खरा. पण तो मुख्यतः दुसऱ्या कोणी खात्यात घुसून मेल उडवले असतील अशा वेळेसाठी आहे, आणि तिथेही परत मिळेलच असा शब्द कोणी देत नाही. स्वतः उडवून महिना लोटलेल्या मेलसाठी त्याच्या भरवशावर बँकेची तारीख सोडणं बरं नव्हतं. आपल्या फुकटच्या खात्यात 30 दिवस संपले किंवा `Delete forever` दाबलं की वापरणाऱ्याच्या हातात काही उरत नाही.

खातं कामाचं असेल, म्हणजे शाळेने किंवा कंपनीने गूगल वर्कस्पेसवर दिलेलं असेल, तर मात्र आणखी एक दार आहे. तिथे बिनमधून गेलेला मेल त्या संस्थेचा अ‍ॅडमिन पुढचे 25 दिवस परत आणू शकतो. शिक्षकांच्या त्या प्रकरणात खातं शाळेचं असतं तर मी त्यांना अ‍ॅडमिनकडे पाठवलं असतं. पण काकाजींचं खातं त्यांचं स्वतःचं होतं, तिथे अ‍ॅडमिन म्हणजे काकाजीच.

मग उरला सगळ्यात साधा मार्ग, आणि तो मी प्रत्येक वेळी लोकांना आधी आठवून देतो. मेलची एक प्रत पाठवणाऱ्याकडेही असते. आपण आपल्याकडची उडवली म्हणून त्याची उडत नाही. त्याच्या `Sent` मध्ये ती पडून असते आणि `Sent` ला 30 दिवसांची मुदत नसते. काकाजींनी अकोल्याला फोन लावला. दुकानातला मुलगा सभ्य होता. "हाव काकाजी, आत्ताच टाकतो," म्हणाला.

दहा मिनिटांनी त्याचाच फोन आला. "काकाजी, मेल परत येऊ रायला. तुमचं इनबॉक्स फुल दाखवते."

इथे नातू पुढे सरसावला. "आता बिन रिकामं करू ना भाऊ, जागा होईन." आणि तो चुकीचं काही बोलत नव्हता. खातं 15 जीबीच्या वर गेलं की नवे मेल येत नाहीत, पाठवणाऱ्याकडे परत जातात, आणि आपल्यालाही पाठवता येत नाहीत. जागा केल्याशिवाय अकोल्याचा मेल येणार नव्हता, आणि बँकेला फॉरवर्डही जाणार नव्हता. पण बिन रिकामं करण्याआधी एक काम उरलं होतं. बिलाचा मेल वाचला होता, मात्र त्या अकराशेत आणखी काय होतं हे कोणी पाहिलं नव्हतं. मी काकाजींना विचारलं, यात आणखी काही कागद असतील का? पीक विम्याची पावती? गॅसचं? त्यांना सांगता येईना. म्हणून बिनमध्ये बँक, विमा, वीज, शाळा असे शब्द एकेक करून `in:trash` सोबत टाकले. पीक विम्याच्या पोचपावतीचा जुना मेल निघाला, नातवाच्या आईच्या नावाचा एक स्कॉलरशिपचा मेल निघाला. दोन्ही बाहेर काढले. वीस मिनिटं गेली, पण हीच वीस मिनिटं या सगळ्या कामात सर्वांत उपयोगाची होती असं मला वाटतं. वाचवायचं ते आधी आणि रिकामं करायचं नंतर. हा क्रम उलटला असता तर बिल मिळालं असतं, पण विम्याची पावती आम्ही आमच्याच हाताने पुसली असती.

त्यानंतर `Empty bin now` नातवालाच दाबायला लावलं. बिनमध्ये सुमारे 900 एमबी होते. आकडा लगेच उतरला नाही, थोडा वेळ जुनाच दिसत राहिला. तोवर चहा झाला. मग पट्टी लाल होती ती निघाली, अकोल्याहून मेल आला, त्यात टेस्ट रिपोर्ट आणि वॉरंटी दोन्ही होते.

900 एमबी म्हणजे काही फार नव्हे, व्हॉट्सअ‍ॅपने ते पंधरा दिवसांत पुन्हा भरलं असतं. काकाजींच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये `Settings`, मग `Chats`, मग `Chat backup` इथे जाऊन व्हिडिओ बॅकअपमध्ये घ्यायचं बंद केलं आणि नवा बॅकअप घेऊ दिला. दुसऱ्या दिवशी खात्यात चार जीबीहून जास्त मोकळी जागा दिसत होती. व्हिडिओ फोनवर आहेत तसेच राहिले, सुप्रभात बंद झालेलं नाही.

बँकेला दोन्ही मेल 18 तारखेला, गुरुवारी सकाळी फॉरवर्ड केले. काकाजींना पोच हवी होती, म्हणून साहेबांचं "मिळाले" असं उत्तर येईपर्यंत ते केंद्रातच बसून राहिले.

दुसरीकडची मुदत

हे सगळं जीमेलचं. दुसऱ्या कंपनीचं खातं असेल तर आकडे बदलतात, आणि दारव्ह्याच्या बाजारात अजूनही काही व्यापाऱ्यांचे याहूचे आयडी आहेत. याहूमध्ये `Trash` मधले मेल 7 दिवसांनीच जायला लागतात. तिथे काकाजींसारखं पोळ्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत थांबणं म्हणजे खेळच संपला. अशा खात्यात मेल उडाल्याचं लक्षात आलं तर त्याच दिवशी पाहायला हवं. आउटलुकच्या वैयक्तिक खात्यात `Deleted Items` मध्ये मेल 30 दिवस राहतो, आणि तिथूनही पुसला गेला तर त्याच फोल्डरमध्ये वर `Recover items deleted from this folder` अशी ओळ असते, तिच्यातून आणखी काही दिवस मेल काढता येतो. ही सोय जीमेलच्या फुकट खात्यात नाही.

त्या दिवसापासून केंद्रात कोणी डिलीट झालेला मेल घेऊन आलं की मी आधी फोन टेबलावर उलटा ठेवतो आणि दोन प्रश्न विचारतो. शेवटचा हात कधी लावला, कोणत्या सणाच्या आसपास? आणि त्यानंतर बिन कोणी साफ केलं का? दुसऱ्या प्रश्नाला "बिन म्हणजे?" असं उत्तर आलं की खुर्ची ओढायला सांगतो.

काकाजींची डाळ मिल आता बसली आहे. नातवाला घरच्यांनी फोनला हात लावू नको म्हणून बजावलं होतं, पण काकाजींनीच तो हुकूम मोडला. परवा तो केंद्रात आला, पेन ड्राइव्ह हातात घेऊन. आबाजींच्या सगळ्या बिलांच्या पीडीएफ त्याने मेलमधून उतरवून एकेक नाव देऊन ठेवल्या होत्या. फक्त एका फाइलचं नाव चुकलं होतं, "डाल मिल्ल टेस्त". ते मी तसंच राहू दिलं.